सात कारणं आणि अठरा प्रश्नावल्या

सोमवारी, १० नोव्हेंबरला सकाळी, आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक जुनी विद्यार्थिनी उभी दिसली. घाटंजी तालुक्यातल्या एका गावची. बी.ए. आमच्याकडे केलं, आता जिल्ह्याच्या ठिकाणी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोयाबीन आणि कापसाच्या एकरी खर्चावर तिचा प्रकल्प होता, चाळीस शेतकरी कुटुंबांच्या प्रश्नावल्या भरून त्यावर अहवाल लिहायचा होता. तो शुक्रवारी, १४ तारखेला तिथल्या सरांना द्यायचा होता आणि तो होणार नव्हता. मोबाईल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "सर, मुदत मागाचा मेल लिहिला. पाठवाच्या आधी एकदा पाहून घ्या न जी."

तिच्या परवानगीनं तो मेल इथे देतो.

> आदरणीय सर, सविनय सादर प्रणाम. वरील विषयास अनुसरून आपणास विनंती करते की, माझ्या आजीची प्रकृती मागील महिन्यापासून ठीक नसल्याने, तसेच आमच्या गावात वीजपुरवठा सतत खंडित होत असल्याने, तसेच नेटवर्कची समस्या असल्याने, त्यातच कापूस वेचणीसाठी मजूर मिळत नसल्याने मला शेतात जावे लागले. शिवाय मधल्या काळात माझा मोबाईल बिघडला होता व चुलत भावाच्या साक्षगंधाचा कार्यक्रम होता. अशा अपरिहार्य कारणांमुळे मी प्रकल्प वेळेत पूर्ण करू शकत नाही. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला थोडी मुदत वाढवून द्यावी, ही नम्र विनंती.

मेलमध्ये 'वरील विषयास अनुसरून' असं होतं आणि वर विषयाची ओळ रिकामी होती. शाळेत पाठ केलेला अर्ज जसाच्या तसा उतरला होता. 'अपरिहार्य' हे शेवटचं कारण धरलं तर एकूण कारणं सात झाली.

यातलं एकही खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगतो. आजीला खरंच बरं नव्हतं. रात्री लाइट जाते हे मला तिनं सांगायची गरज नाही, मीही इथेच राहतो. मोबाईलची स्क्रीन फुटली होती, तीही मी पाहिली. तरीही हा मेल प्रामाणिक नव्हता. प्रकल्प का थांबला, हे त्यात कुठेच नव्हतं.

पोरं असं का लिहितात, याचा दोष पोरांवर टाकायला मी तयार नाही. आपल्याकडे कागद लिहायचं पहिलं शिक्षण घरातच मिळतं, आणि ते दाखल्यासाठी, कर्जाच्या पुनर्गठनासाठी, अनुदानासाठी केलेल्या अर्जातून मिळतं. तिथे एका कारणावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे बापाला माहीत असतं. म्हणून तो दुष्काळ लिहितो, आजारपण लिहितो, मुलीचं लग्न लिहितो, आणि हात जोडून 'मायबाप सरकार' लिहितो. त्या टेबलावर त्याची अडचण मोजायची नसते, त्याची दशा पाहायची असते. लेकरू हे बघत मोठं होतं आणि पुढे प्राध्यापकालाही तसाच अर्ज करतं. मुदतवाढ म्हणजे दया, आणि दया जास्त दुःखावर जास्त मिळते, असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो.

आता हाच मेल वाचणाऱ्याच्या जागी बसून वाचू. मी ती जागा बरीच वर्षं भोगली आहे. मुदत संपायच्या आठवड्यात असे वीस-पंचवीस मेल येतात. ते वाचताना मला तीनच गोष्टी हव्या असतात. काम किती झालंय? राहिलेलं कोणत्या तारखेला हातात पडेल? आणि ती तारीख माझ्या तारखेत बसते का? कारण माझ्यावरही एक मुदत असते. अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर ठरलेल्या दिवसापर्यंत भरावे लागतात. ते बंद झालं की एका मुलाच्या गुणांसाठी प्राचार्यांचं पत्र लावून परीक्षा विभागाच्या मागे फिरावं लागतं. विद्यार्थ्याला दिसते ती १४ तारीख माझ्या हातातली असते, ती मी सात दिवस सरकवू शकतो. तिच्या मागे उभी असलेली पोर्टलची तारीख माझ्या हातात नसते. हे आम्ही विद्यार्थ्यांना कधी सांगत नाही, ही आमची चूक. त्यामुळे त्यांना वाटतं की सगळं सरांच्या मनावर आहे, आणि मग ते मनालाच हात घालतात.

सात कारणांच्या त्या मेलमध्ये माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. 'थोडी मुदत' म्हणजे दोन दिवस की पंधरा? काम निम्मं झालंय की सुरूच झालेलं नाही? उलट प्रत्येक कारणानं एक नवा प्रश्न उभा केला होता. मोबाईल बिघडला होता तर आता मेल कशावरून लिहिला? प्रश्नावल्या तर कागदावर भरायच्या आहेत, मग नेटवर्कनं काय अडवलं? साक्षगंध एका दिवसाचं, महिना कुठे गेला? वाचणारा नको असताना तपासनीस होतो. एक कारण डळमळीत वाटलं की उरलेल्या सहांवरचाही विश्वास जातो, आणि त्या सहांत खरं कारणही बुडतं.

मी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, किती प्रश्नावल्या झाल्या?

"बावीस."

"म्हणजे अठरा राहिल्या. बावीस कधी झाल्या?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बावीस प्रश्नावल्या सप्टेंबरअखेरपर्यंतच झाल्या होत्या. तेविसाव्या घरी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिला विचारलं होतं, "लिहून घेतं बाई, पण आमाले काय भेटन यातून?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी जायचं धैर्य झालं नाही. मग सोयाबीनची सोंगणी आली, दिवाळी आली, आणि पिशवीतल्या कोऱ्या प्रश्नावल्या पिशवीतच राहिल्या. नोव्हेंबर लागला तसा कापूस फुटला. आभाळ भरून येत होतं, मजूर मिळेना, म्हणून १ ते ८ तारखेपर्यंत आठ दिवस ती आईसोबत वेचणीला गेली.

म्हणजे खरी कारणं दोन होती. आठ दिवस कापूस, आणि त्याआधी टाळलेले दिवस. पहिलं कारण मेलमध्ये चौथ्या नंबरवर दबून होतं. दुसरं नव्हतंच. माझ्या अनुभवात बहुतेक लांबट मेलांचं हेच दुखणं असतं. एक गोष्ट सांगायची लाज वाटते, म्हणून तिच्याभोवती सहा गोष्टी रचल्या जातात. कारण खरं अडवणारं आहे की नुसतं भरतीचं, हे ओळखायला मी तिला एक सोपी खूण सांगितली: त्या कारणानं नेमके किती दिवस गेले, ते मोजून बघ. कापसानं आठ दिवस घेतले, हे मोजता येतं. नेटवर्कनं किती घेतले? एकही नाही. मग ते काढून टाक. आजीपाशी काकू होती, हिचं काम त्यानं थांबलं नव्हतं. आजीही काढली. काढताना तिला वाईट वाटलं. आजीला खोटं पाडल्यासारखं वाटतं, म्हणाली. मी म्हटलं, आजीचं दुखणं खरंच आहे, पण त्याची साक्ष इथे लावू नको.

मग आम्ही पुढचा हिशेब केला. मुदतवाढ किती मागायची, ते गेलेल्या संकटावरून ठरत नाही, उरलेल्या कामावरून ठरतं. हे तिला नवीन होतं. वेचणीच्या दिवसांत शेतकरी दिवसा घरी सापडत नाही. तो संध्याकाळी साडेसहानंतर सापडतो आणि नऊला झोपतो. एका प्रश्नावलीला अर्धा तास धरला, मधलं चालणं धरलं, तर एका संध्याकाळी चार घरं होतात. अठरा घरांना पाच संध्याकाळी. मंगळवार ११ पासून शनिवार १५ पर्यंत त्या होतील. १६ आणि १७ ला आकडे तक्त्यांत भरायचे. १८ आणि १९ ला लिहायचं. गुरुवारी २० ला तालुक्याला येऊन छपाई आणि बांधणी, आणि शुक्रवारी २१ ला अहवाल टेबलावर. सात दिवसांची मुदतवाढ.

तिच्या मनात तीन दिवस मागायचे होते. कमी मागितलं तर लवकर मिळेल, असं तिला वाटत होतं. मला वाटतं, मुदत मागणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक हीच. तीन दिवस मिळतात, काम होत नाही, आणि १७ तारखेला दुसरा मेल लिहावा लागतो. पहिल्या मेलला मिळालेला विश्वास दुसऱ्याला मिळत नाही, मग तो कितीही खरा असो. आणि सोमवारी मागणं नि गुरुवारी रात्री मागणं यातही फरक आहे. सोमवारी सर नाही म्हणाले, तर बावीस प्रश्नावल्यांवर जमेल तसा अहवाल शुक्रवारपर्यंत उभा करता येतो. गुरुवारी रात्री मागितलं की नाही म्हणायची जागाच सरांना राहत नाही, आणि ते त्यांना कळतं.

हे तिला समजावताना पीकविम्याची गोष्ट निघाली, तीही तिच्याच तोंडून. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पावसानं पीक गेलं की ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावी लागायची. बापाचं ते काम तीच मोबाईलवर करायची. गट नंबर, पीक, नुकसानीची तारीख, कारण, एवढंच भरायचं. "तिथं रडगाणं लिवाले जागाच नसते जी," ती म्हणाली. त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. शेवटी मेल असा झाला:

> विषय: प्रकल्प अहवालासाठी १४ ऐवजी २१ नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळण्याबाबत (हजेरी क्र. २७)
>
> आदरणीय सर,
>
> माझा प्रकल्प अहवाल १४ तारखेला पूर्ण होणार नाही. ४० पैकी २२ प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत, १८ बाकी आहेत. ऑक्टोबरमध्ये वेळ असूनही मी हे काम पुढे ढकललं. नंतर १ ते ८ नोव्हेंबर घरच्या कापूस वेचणीत गेले.
>
> उरलेल्या प्रश्नावल्या १५ तारखेपर्यंत आणि तक्ते १७ पर्यंत होतील. पूर्ण अहवाल शुक्रवारी, २१ तारखेला विभागात आणून देईन. आपल्याला गुण भरण्यासाठी त्याआधी हवा असल्यास तसं कळवावं, मग मी २२ प्रश्नावल्यांवरच १४ ला अहवाल देईन.
>
> उशिराबद्दल नियमाप्रमाणे गुण कमी झाले तर मला मान्य आहे. भरलेल्या २२ प्रश्नावल्यांचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> आपली विद्यार्थिनी

खाली नाव, गाव आणि फोन नंबर.

यातलं 'वेळ असूनही पुढे ढकललं' हे वाक्य लिहायला तिला वीस मिनिटं लागली. आधी तिनं लिहिलं होतं, 'माझ्या निष्काळजीपणाबद्दल मी अत्यंत दिलगीर असून मला स्वतःची लाज वाटते.' तेही आम्ही काढलं. कारणांचा ढीग आणि माफीचा ढीग, दोन्हींचं काम एकच. समोरच्याला आधी आपली समजूत काढायला लावायची आणि मग निर्णय घ्यायला. म्हाताऱ्या शेतकऱ्याचा प्रश्नही मेलमध्ये घातला नाही. तो खरा होता, पण तो प्रकल्पाच्या अहवालात जायला हवा, सर्वेक्षणाच्या अडचणी या भागात. तिथे त्याला मोल आहे.

सोबत जोडलेला तक्ता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मुदतवाढीसोबत दुःखाचा पुरावा जोडायची रीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, एकदा तर तेराव्याचं कार्ड. झालेल्या कामाचा पुरावा कोणी जोडत नाही, कारण तो कोणी मागतच नाही.

ती उठता उठता थांबली. "पण सर, खरं लिहिलं म्हून मार्क कापतीन ना. आजीचं लिहिलं असतं त कापले नसते." हा आक्षेप साधा नाही. मी त्याला टाळणार नाही, कारण या लेखाचा सगळा भार त्याच्यावर आहे. पोरगी बरोबर बोलत होती. आमच्यातले बरेच जण आजारपणाला माफी देतात आणि कबुलीला शिक्षा. खरं सांगणाऱ्याचे दोन गुण जातात, आजी आजारी पाडणाऱ्याचा एकही जात नाही. असं वर्षानुवर्षं चाललं, तर आम्ही अर्थशास्त्र शिकवतो की खोटं बोलणं, याचा विचार स्टाफरूममध्ये व्हायला हवा.

मी स्वतः हे केलेलं आहे. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. त्या दिवसांत बी.ए.च्या एका मुलानं गृहपाठाच्या शेवटच्या दिवशी मला एका ओळीचा निरोप पाठवला: सर, बाबा दवाखान्यात आहेत, चार दिवसांनी देतो. त्याच आठवड्यात माझ्याकडे दवाखान्याचे दहा-बारा अर्ज आले होते. काका, मामी, शेजारी, सगळे दवाखान्यात. मी त्याला उलट लिहिलं, चिठ्ठी आण. आठ दिवसांनी तो आला आणि भरतीचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. फवारणीतून बाधा झालेल्या बापाला दिसेनासं झालं होतं, आणि हा रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून होता. वडील वाचले. पण त्या पोरानं माझ्याकडे पुन्हा कधी काही मागितलं नाही. ज्याच्यावर खरंच आभाळ कोसळतं, त्याला सात कारणं लिहायला सवड नसते. तो एक ओळ लिहितो. बाकीच्यांच्या ढिगांनी आमचे कान बधिर केलेले असतात, आणि त्याची किंमत तो मोजतो.

म्हणून माझी मागणी विद्यार्थ्यांपेक्षा आधी आमच्याकडे आहे. प्रत्येक विषयात एका सत्रात एकदा, सात दिवसांपर्यंतची मुदतवाढ कारण न विचारता मिळावी. अट एवढीच की ती तीन दिवस आधी मागावी, झालेलं काम जोडावं आणि नवी तारीख लिहावी. उशिराचे गुण कापायचे असतील तर ते सर्वांचे सारखे आणि आधी सांगून कापावेत. सांगितलेलं कारण चांगलं आहे की वाईट, यावर ते ठरू नयेत. सात दिवसांपलीकडचं, किंवा दवाखान्याचं, मृत्यूचं, घरातल्या मारहाणीचं काही असेल, तर विद्यार्थ्यानं मेलमध्ये एवढंच लिहावं की घरी गंभीर अडचण आहे, भेटून सांगतो. खरेपणा म्हणजे घरातलं सगळं उघडं करणं नव्हे. कर्जाचा आकडा, आईचा आजार, बापाचं पिणं हे कोणा मुलीनं सात दिवसांसाठी कॉलेजच्या मेलबॉक्सात का टाकावं?

यावर माझे एक सहकारी म्हणाले, "अशानं सगळेच मागतील." मागू देत. सगळ्यांनी एकदा मागितलं, तर आम्हाला मुदत पोर्टलच्या तारखेच्या दहा दिवस आधी ठेवावी लागेल, इतकंच. आज आमच्यातले बरेच जण ती दोन-तीन दिवसांच्या कडेवर ठेवतात आणि मग वाट बघत बसतात. दुसरा प्रश्न त्यांनी जास्त चांगला विचारला: गावच्या मुलांना कापूस वेचावा लागतो, शहरातल्यांना नाही, मग दोघांना सारखेच सात दिवस कसे? याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एक मात्र करता येईल. नोव्हेंबरच्या मध्यावर मुदत ठेवायचीच कशाला? इथल्या कॉलेजांतली अर्धी पोरं त्या दिवसांत शेतात असतात, हे आम्हाला दरवर्षी नव्यानं कळत नाही. सर्वेक्षण सप्टेंबरमध्ये संपवून त्याच महिन्याच्या शेवटी प्रश्नावल्या तपासून घेतल्या असत्या, तर या मुलीचं तेविसावं घर आम्हाला ऑक्टोबर लागायच्या आधीच कळलं असतं.

तिला त्याच संध्याकाळी सरांचं उत्तर आलं. तिनं ते मला पाठवलं. '२१ चालेल, २५ ला गुण भरायचे आहेत, त्याच्या पुढे जाऊ नका. उशिराचे दोन गुण जातील. तक्ता पाहिला. क्र. ९ आणि १४ मध्ये घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही, ती धरली नाही तर एकरी खर्च कमी दिसेल. उरलेल्या अठरा घरांत आधी तेच विचारा.'

मंगळवारी साडेसहाला ती तेविसाव्या घरी गेली. या वेळी तिनं म्हाताऱ्याला आधीच सांगितलं, "बाबा, भेटाचं काही नाही, पण तुमच्या घरच्या चौघांची मजुरी कोणीच मांडत नाही, ते मले मांडाची आहे." तो म्हणाला, "मंग बस. लिही."